तेरावा आणि चौदावा महिना

तारखेवरून वार काढण्याचे एक प्रसिद्ध सूत्र जर्मन गणिती क्रिस्टियान झेलर यांनी १८८०च्या दशकात प्रसिद्ध केले. त्यात वर्ष मार्चपासून मोजतात. मार्च तिसरा, डिसेंबर बारावा, तर जानेवारी आणि फेब्रुवारी हे मागील वर्षाचे तेरावा आणि चौदावा महिना.

```
h = (q + [13(m+1)/5] + K + [K/4] + [J/4] - 2J) mod 7
```

येथे q म्हणजे तारीख, m महिना, K वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि J उरलेले पहिले अंक. चौकटी कंसातील भागाकाराचा अपूर्णांक सोडून द्यायचा. बाकी ० आली तर शनिवार, १ आली तर रविवार, याप्रमाणे ६ म्हणजे शुक्रवार.

वर्षाची सुरुवात मार्चला नेण्याचे कारण फेब्रुवारी. लीप वर्षाचा जादा दिवस त्याच्या अखेरीस येतो. फेब्रुवारी शेवटी ठेवला की तो दिवस वर्षाच्या टोकाला जातो आणि मधल्या कोणत्याही महिन्याची मोजणी बिघडत नाही. दुसरा फायदा महिन्यांच्या लांबीचा. चार आठवडे वजा केले, तर मार्चपासून पुढे ३, २, ३, २, ३ असे दिवस उरतात. ऑगस्टपासून हाच क्रम पुन्हा येतो आणि जानेवारीचे ३ दिवस तिसऱ्या फेरीची सुरुवात करतात. पाच महिन्यांत १३ दिवसांची ही वाढ सूत्रातील 13/5 नेमकी टिपतो.

उदाहरणार्थ, २६ जानेवारी १९५०. महिना १३, वर्ष १९४९. म्हणून K ४९ आणि J १९. बेरीज २६ + ३६ + ४९ + १२ + ४ − ३८ = ८९. सातने भागता बाकी ५, म्हणजे गुरुवार. भारत प्रजासत्ताक झाला तो वार हाच.

महिना १३ घेऊन वर्ष मात्र १९५० ठेवले, तर बेरीज ९० होऊन शुक्रवार येतो. ही चूक ओळखणे सोपे असते: मार्च ते डिसेंबरचे वार बरोबर येतात; जानेवारी-फेब्रुवारीचे मात्र साध्या वर्षात एक आणि लीप वर्षात दोन दिवस पुढे जातात. १ जानेवारी २०००चा शनिवार अशाने सोमवार होतो. शतक बदलताना J देखील बदलतो. येथे K ९९ आणि J १९ घ्यायला हवेत.

संगणकावर आणखी एक अडचण येते. १ मार्च २०००ची बेरीज −२४ होते. सी भाषा तिची बाकी −३ देते, पण हवी असते ४, म्हणजे बुधवार. −2J ऐवजी +5J लिहिले की बेरीज ऋण होत नाही आणि उत्तर तेच राहते.

हे सूत्र ग्रेगोरियन तारखांसाठीच आहे. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुलियन आहे. ती तशीच सूत्रात घातली तर बुधवार येतो; जुलियन गणनेने त्या तारखेचा वार शनिवार आहे. जुलियन तारखेसाठी शेवटच्या दोन पदांऐवजी 5 - J घ्यावे लागते.