देवघेवीची वही: एक ओळ, एक उसनवारी

देवघेवीच्या वहीत एक ओळ म्हणजे एक उसनवारी. वस्तू, सभासद, नेल्याची तारीख, परतीची मुदत आणि प्रत्यक्ष परत आल्याची तारीख, एवढे पाच रकाने पुरतात. शेवटचा रकाना रिकामा असेल, तर वस्तू बाहेर आहे.

वस्तूचे नुसते नाव लिहून भागत नाही. ‘श्यामची आई’च्या तीन प्रती असल्या, तर कोणती गेली ते कळत नाही, म्हणून वाचनालयात प्रत्येक प्रतीला वेगळा दाखल क्रमांक असतो. सोसायटीने अवजारे सामाईक ठेवली तरी तेच. दोन ड्रिल मशीनवर अ-१२, अ-१३ असे क्रमांक रंगानेच लिहावेत. कागदी चिठ्ठी तेलकट हातांत टिकत नाही.

समजा, अ-१२ हे मशीन सभासद २७ यांनी ३ मार्चला नेले आणि ८ मार्चला परस्पर सभासद ४१ यांना दिले. बऱ्याच वह्यांत इथे २७ खोडून ४१ लिहितात. पुढे चक तुटलेला आढळला, की आधी ते कोणाकडे होते याचा माग उरत नाही. त्याऐवजी मशीन मागवून चालवून पाहावे, जुन्या ओळीत परतीची तारीख घालावी आणि ४१ यांच्यासाठी नवी ओळ सुरू करावी.

महिनाअखेरीस ताळा सोपा असतो: एकूण वस्तूंतून कपाटातल्या वजा केल्या, की उरलेला आकडा परतीची तारीख नसलेल्या ओळींइतका यायला हवा. ओळी कमी भरल्या, तर काहीतरी नोंदीविना गेले आहे. जास्त भरल्या, तर परत आलेल्या वस्तूची तारीख घालायची राहिली आहे.