साठावहीतली शिल्लक एक्सेलमध्ये नेताना

जुन्या साठावहीतून एक्सेलमध्ये शिल्लक उतरवून घेताना एखादा आकडा चुकीचा टंकला गेला, तर तो आज ना उद्या सापडतो. माल मागायला गिऱ्हाईक येते, मांडणीवर पाहिले जाते आणि फरक उघडा पडतो. पण वहीतले एक अख्खे खातेच उतरवायचे राहिले, तर त्याची वाच्यता कोण करणार? नव्या शीटमध्ये ती ओळच नाही, त्यामुळे फरकही दिसत नाही. म्हणून या कामात टंकलेखनाआधी वहीची मोजदाद करावी लागते. नेमके हेच बहुतेक ठिकाणी टाळले जाते.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातले एक हार्डवेअरचे दुकान घेऊ. साठावही २४० पानांची, एका पानावर एका मालाचे खाते. तारीख, आवक, जावक, शिल्लक असे रकाने. ३१ मार्चच्या संध्याकाळी वही थांबवायची आणि १ एप्रिलपासून शीट चालू करायची, असे ठरले आहे.

पहिले काम पेन्सिलीचे. पान १ पासून २४० पर्यंत एकही न वगळता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक खूण करायची: खाते चालू आहे, पुढच्या पानावर नेले आहे, बंद झाले आहे, की पान कोरे आहे. समजा चालू १७१, पुढे नेलेली ३८, कोरी २२ आणि बंद ९ निघाली. बेरीज २४० भरली, म्हणजे एकही पान नजरेतून सुटलेले नाही. शिल्लक शून्य असली तरी ज्या मालाची ये-जा होते ते खाते चालूच धरायचे. संपलेला माल उद्या पुन्हा येणार असतो.

अनुक्रमणिकेवरून काम करू नये. ती वही उघडताना लिहिलेली असते आणि नंतर मधल्या कोऱ्या पानांवर उघडलेली खाती तिच्यात क्वचितच चढतात. उलटा धोका पुढे नेलेल्या पानांचा. पान ४१ भरले आणि खाते पान २१२ वर गेले, तर ४१ च्या तळाचा आकडा ही शिल्लक नव्हे. दोन्ही पाने उतरली की तोच माल दोनदा जमा होतो.

आता कॅल्क्युलेटर घेऊन तीन आकडे काढायचे आणि शीटला हात लावण्याआधी कागदावर लिहून ठेवायचे. चालू खात्यांची संख्या, त्यांच्या पान क्रमांकांची बेरीज आणि सगळ्या शिलकींची बेरीज. पान क्रमांकांच्या बेरजेला स्वतःचा काही अर्थ नाही, आणि नग, किलो, मीटर एकत्र मिळवलेल्या बेरजेलाही नाही. पण वहीतला आणि शीटमधला आकडा जुळतो की नाही, एवढे सांगायला त्या पुरेशा आहेत. (एका पानावर दोन खाती असतील, तर पान क्रमांकाऐवजी खात्यांना सलग क्रमांक द्यावेत.)

शीटमध्ये पाच रकाने पुरतात: पान, माल, माप, एकक, शिल्लक. पान क्रमांकाचा रकाना नंतरही काढू नये. सहा महिन्यांनी शंका आली, तर त्याच्याच आधारे मूळ नोंदीपर्यंत पोचता येते. १७१ ओळी भरून झाल्या की ही चार सूत्रे द्यायची:

```
=COUNT(A2:A172)
=SUM(A2:A172)
=SUM(E2:E172)
=COUNTA(E2:E172)-COUNT(E2:E172)
```

समजा कागदावर १७१ आणि २०,४१८ आहे, तर शीट १७० आणि २०,३३१ दाखवते. एक खाते राहिले आहे आणि बेरजेतला फरक ८७ चा आहे, म्हणजे पान ८७ उतरलेले नाही. शोधाशोध करावीच लागत नाही. ते खाते भरले तरी शिलकींची बेरीज ३६ ने कमी येते. फरकाला ९ ने नि:शेष भाग जातो, तेव्हा आधी उलटसुलट झालेले अंक शोधावेत: ८४ च्या जागी ४८ पडले असण्याची शक्यता मोठी. चौथ्या सूत्राचे उत्तर शून्यच यायला हवे. शिलकीच्या रकान्यात कोणी "१२ नग" असे लिहिले, की एक्सेल त्याला मजकूर समजते आणि SUM त्याला मुकाट्याने वगळते. असा मजकूर सहसा घराच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसतो, संख्या उजवीकडे असते.

हार्डवेअरच्या मालात आणखी एक सापळा आहे. पाऊण इंची पाइपचे माप 3/4 असे टंकले, की एक्सेल ती ३ एप्रिल ही तारीख समजते. अर्धा इंच लिहायला 1/2 टंकले तर १ फेब्रुवारी होते. नंतर रूप बदलून उपयोग नाही, कारण तोवर आत पाच आकडी संख्या जाऊन बसलेली असते. माप भरण्याआधीच त्या रकान्याला Text हे रूप द्यावे.

एक चूक मात्र या बेरजा पकडत नाहीत: चुकीचे वाचलेला अंक. दोन पिढ्यांच्या हाताने लिहिलेल्या वहीत मराठी आणि इंग्रजी आकडे शेजारी शेजारी असतात. घाईत लिहिलेला मराठी ४ हा इंग्रजी 8 सारखा दिसतो, ७ हा 6 सारखा, आणि १ व ९ एकमेकांत मिसळतात. कागदावर बेरीज करणाऱ्याने आणि शीट भरणाऱ्याने तो सारखाच चुकीचा वाचला, तर सगळे जुळते. इथे उपाय वहीतच आहे: मागची शिल्लक अधिक आवक उणे जावक करून पाहायचे. मागची शिल्लक ५२, जावक १२, तर शेवटचा अंक ४० आहे, 80 असूच शकत नाही. शेवटच्या पाचसहा ओळी तरी अशा तपासाव्यात. स्क्रूसारखा माल "२ ग्रोस ५ डझन ८" असा लिहिलेला असेल, तर नगांत ३५६ भरावे आणि वहीतले मूळ शब्द शेरा म्हणून शेजारी ठेवावेत.

आता ज्यावर दुकानात हमखास वाद होतो तो प्रश्न. वहीत एक आकडा आणि मांडणीवर दुसरा. शीटमध्ये कोणता घालायचा? आधी वहीचाच, अगदी उणे असला तरी. समजा अर्धा इंची बॉल व्हॉल्व्हची शिल्लक उणे ४ आहे आणि मांडणीवर २ नग आहेत. पाऊण इंचीची शिल्लक वहीत ३० आहे, मांडणीवर २४. एकात ६ जास्त, दुसऱ्यात ६ कमी. पाऊण इंचीची विक्री अर्धा इंचीच्या पानावर लिहिली गेली असणार. सुरुवातीलाच मोजलेले २ आणि २४ भरले असते, तर हा धागा कायमचा तुटला असता. वहीची शिल्लक तशीच उतरवायची आणि १ एप्रिलच्या तारखेने "मोजणी फरक" अशी वेगळी ओळ घालायची.

३१ मार्चच्या आसपासच्या चलनांचेही आधी ठरवून घ्यावे. माल ३० मार्चला उतरला आणि बिल ४ एप्रिलला आले, तर नोंद माल उतरल्याच्या तारखेने, म्हणजे जुन्या वहीत. अशी चलने आधी वहीत चढवून मगच शिल्लक काढायची. नाहीतर तोच माल एकतर दोन्हीकडे जमा होतो, नाहीतर कुठेच नाही.

काम संपल्यावर वहीच्या शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून तारीख आणि सही घालावी, आणि ती वही रद्दीत देऊ नये. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या वह्या त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळून ठेवणे बंधनकारक आहे.