लंबकाचा हिशेब आणि शेकडा त्रुटी

पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा म्हटली की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते आलेले उत्तर आणि पुस्तकातले उत्तर यांच्यातील अंतर. आम्ही पुष्कळ वर्षे असल्या परीक्षांच्या टेबलांपाशी उभे राहिलो आहोत. उत्तरपत्रिकेच्या शेवटी एक छोटासा तक्ता असतो: कोणती उपकरणे वापरली, त्यांत चूक कोठून येऊ शकते, आणि शेकडा त्रुटी किती. हा तक्ता बहुतेक मुले घरूनच पाठ करून येतात. ‘हवेचा विरोध, दोऱ्याचा ताण, पंख्याचा वारा’ ही तीन कारणे लिहिली की काम झाले, अशी समजूत आहे. या तक्त्यात खरोखर काय लिहावयाचे असते, ते साध्या लंबकाच्या प्रयोगावरून पाहू.

प्रयोग सर्वांच्या ओळखीचा आहे. एका दोऱ्याला पितळेचा गोळा टांगायचा, त्याला लहानसा झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती वेळ लागतो तो मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग काढायचा. समजा, लंबकाची लांबी १०० सेंटिमीटर भरली आणि वीस झोक्यांना ४०.२ सेकंद लागले. म्हणजे एका झोक्याला २.०१ सेकंद. सूत्र असे:

g = 4π²L/T²

हिशेब केला की उत्तर ९७७ येते. एकक सेंटिमीटर दर सेकंदास दर सेकंद. येथवर सारे ठीक. पण हे ९७७ कितपत भरवशाचे? त्रुटीचा तक्ता लिहावयाचा तो या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून.

प्रथम लांबी घेऊ. मीटरपट्टीवरील सर्वांत लहान खूण एक मिलिमीटरची. तेव्हा १०० सेंटिमीटरमध्ये ०.१ सेंटिमीटरचा संशय, म्हणजे शेकडा ०.१. आता वेळ. स्टॉपवॉच सेकंदाचा दहावा भाग दाखविते खरे, पण ते दाबणारा अंगठा माणसाचा असतो. डोळ्याने पाहिले, मनाने ठरविले, अंगठ्याने दाबले, यांत सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज इकडेतिकडे होतो. म्हणून संशय धरावयाचा तो घड्याळाच्या मापाचा नव्हे, हाताचा: ०.२ सेकंद. ४०.२ सेकंदांत ०.२ म्हणजे शेकडा ०.५.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. सूत्रात वेळेचा वर्ग आहे. शंभर हात बाजूचे चौरस शेत मोजताना बाजू एक हात जास्त धरली, तर क्षेत्र १०,००० ऐवजी १०,२०१ चौरस हात येते. बाजूत शेकडा एक चुकले की क्षेत्रात शेकडा दोन चुकते. तसेच वेळेतील शेकडा ०.५ उत्तरात दुप्पट होऊन शेकडा १ बनते. त्यात लांबीचे ०.१ मिळविले की एकूण शेकडा १.१. म्हणून उत्तर लिहावयाचे ते असे: ९७७, अकरा कमी किंवा अकरा जास्त.

आता तक्ता बोलू लागतो. एकूण १.१ मधला जवळजवळ सगळा वाटा अंगठ्याचा आहे. मग मीटरपट्टीऐवजी अधिक बारीक माप आणून काय उपयोग? वीसऐवजी पन्नास झोके मोजावेत. वेळ १००.५ सेकंद भरेल, अंगठ्याचे ०.२ मात्र तेवढेच राहतील, आणि एकूण त्रुटी शेकडा ०.५ वर येईल. उलट एकच झोका मोजला असता तर ती शेकडा वीस झाली असती. आणि पाठ केलेला हवेचा परिणाम? गोळ्याला हवा वर उचलते त्याने होणारा फरक शेकडा ०.०३ हूनही कमी. झोक्याचा कोन पाच अंश ठेवला तर त्यामुळे उत्तरात शेकडा ०.१ चा फरक पडतो. वीस अंश केला तर मात्र दीड. म्हणजे कारणांची नुसती यादी देऊन भागत नाही. प्रत्येकाचे वजन करावे लागते.

पण या हिशेबात न सापडणारी चुकीची आणखी एक जात आहे. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरावयाची असते. विद्यार्थी गोळ्याच्या आकड्यापर्यंतच मोजतो. गोळ्याची त्रिज्या एक सेंटिमीटर असेल तर लांबी ९९ धरली जाते आणि उत्तर ९६७ येते. येथे शंभर वेळा प्रयोग करून सरासरी काढली तरी उत्तर तेवढेच कमी राहील. अंगठ्याची चूक कधी पुढे तर कधी मागे पडते, म्हणून सरासरीने ती निवते. ही एकाच बाजूला ओढते. तिला पकडावे कसे? निरनिराळ्या लांब्या घेऊन एका झोक्याच्या वेळेचा वर्ग आलेखावर मांडावा. रेषा सरळ येते, पण आरंभबिंदूतून न जाता लांबीच्या अक्षाला शून्याच्या मागे एक सेंटिमीटरवर छेदते. तो एक सेंटिमीटर म्हणजे विसरलेली त्रिज्या! आणि रेषेच्या चढावावरून काढलेले उत्तर तरीही बरोबर येते.

तिसरा प्रकार शुद्ध चुकीचा. गोळा सुटताना ‘शून्य’ म्हणावयाचे, तेथे मुलगा ‘एक’ म्हणतो. मग ‘वीस’ म्हणताना झोके एकोणीसच झालेले असतात आणि उत्तर जाते १०८२ वर. अशी चूक तक्त्यात लिहावयाची नसते. प्रयोग पुन्हा करावयाचा असतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. एकदा एका परीक्षार्थ्याच्या कागदावर ४०.२ खोडून ४०.१ केलेले आम्ही पाहिले. विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “सर, ९८१ यायला पाहिजे ना?” ४०.१ धरले की उत्तर ९८२ येते, एवढा हिशेब त्याने उलट्या बाजूने चोख केला होता. गंमत अशी की ९८१ हा आकडा लंडन-पॅरिसकडचा. आपल्या महाराष्ट्रात प्रवेगाचे मूल्य ९७८ ते ९७९ च्या दरम्यान असते. बिचाऱ्याने खऱ्याच्या जवळचे उत्तर खोडून दूरचे लिहिले. आणि त्याच्या पहिल्या उत्तरातील अकराच्या मर्यादेत तर दोन्ही आकडे बसत होते. खोडण्याचे कारणच नव्हते.

१६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिषी विषुववृत्ताजवळील कायेन येथे गेला होता. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. हा फरक शेकडा ०.२ सुद्धा नाही. त्याला तो उपकरणाचा दोष म्हणून झटकून टाकता आला असता. पण आपले मोजमाप किती चुकू शकते याची त्याला जाण होती, आणि हा फरक त्याहून मोठा होता. त्याने तो नोंदवून ठेवला. पुढे १६८७ साली न्यूटनने त्यावरून दाखविले की पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि तेथे गुरुत्वाकर्षण कमी भरते.

रिशेने आपला आकडा पॅरिसच्या आकड्याशी जुळवून घेतला असता, तर ती गोष्ट त्याच्या वहीतच पुरली गेली असती. आमच्या परीक्षार्थ्याच्या वहीतही ४०.२ हाच आकडा राहावयास हवा होता, आणि त्याखाली अकराची मर्यादा. परीक्षकाला गुण द्यावयाचे असतात ते त्या दोन ओळींना.