'नका' पुढच्या पानावर गेलं तेव्हा



रक्तदाबावरचं आमचं भाषण थेट चाललं होतं. कागदावर वाक्य होतं, "बरं वाटलं तरी गोळ्या मनाने बंद करू नका." त्यातलं 'बंद करू' पानाच्या तळाशी आणि 'नका' पुढच्या पानावर! पान उलटेपर्यंत आवाज खाली आला, वाक्य तिथंच संपल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी पौडच्या बाजारात एका आजींनी विचारलं, "मग गोळ्या बंद करायच्या का गं?" आमच्या पोटात गोळाच आला.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून. म्हणून आता 'करू नका', 'जात नाही' असे शब्द आम्ही एकाच ओळीत ठेवतो. वाक्य पानावर मावत नसेल, तर खालची जागा मोकळी सोडून ते पुढच्या पानावर घेतो. पानाचा तळ तसाही रिकामाच बरा, कारण वाचताना मान खाली गेली की तोंड माइकपासून लांब जातं.

आमच्या मुळशी सत्याग्रहाच्या भाषणात आधी असं वाक्य होतं: "1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला." एका श्वासात ते होईना, आणि धरण बापटांच्या नेतृत्वाखाली बांधलं की काय, असंही वाटे. मग ते असं मांडलं:

टाटांच्या धरणात /
आपल्या जमिनी जाऊ नयेत, /
म्हणून मुळशीचे शेतकरी उठले. //
साल होतं /
एकोणीसशे एकवीस. //
पुढारी होते /
सेनापती बापट. //

एका ओळीत दोन ते चार शब्द, म्हणजे एका नजरेत मावतील एवढेच. एक तिरकी रेघ म्हणजे जरासं थांबणं, दोन म्हणजे श्वास घेणं. 'धरणा /त' अशी शब्दाची फोड मात्र कधी करू नये. प्रत्यय शब्दाला चिकटूनच राहू दे. साल अक्षरांत लिहिलं की वाचताना अडखळायला होत नाही.

जोर द्यायच्या शब्दाखाली आम्ही पूर्वी रेघ मारायचो. पण आपले उकार अक्षराच्या खालीच असतात. रेघेत ते बुडतात, आणि घाईत 'सून' की 'सन' तेच कळत नाही. म्हणून तो शब्दच मोठा लिहायचा. बाकी अक्षर सोळाचं असेल, तर तो बावीसचा. वरच्या मजकुरात आम्ही फक्त 'जमिनी' मोठा केला. आमच्यातल्या एकीने आधी पाच शब्द मोठे केले होते. ऐकताना ती रागावल्यासारखी वाटली!

कागद पाठकोरा ठेवायचा, टाचणी लावायची नाही, आणि वाचून झालेलं पान उचलायचं नाही. ते हळूच बाजूला सरकवायचं, नाहीतर माइक त्याची खसखस सगळ्यांना ऐकवतो.