सबटायटल दोन सेकंद उशिरा

पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्यांना शिक्षक हमखास एक सल्ला देतात: जर्मन सिनेमे पाहा, आणि सबटायटल्सही जर्मनच लावा. सल्ला चांगला आहे, पण त्यात एक अडचण आहे. ओळ पडद्यावर उमटते तेव्हा पात्राने बोलायला नुकती सुरुवात केलेली असते, आणि डोळे कानांपेक्षा चपळ असतात. संवाद संपण्याआधीच ओळ वाचून होते. दोन तासांचा सिनेमा संपला की विद्यार्थ्याला वाटतं, आपण दोन तास जर्मन ऐकलं. प्रत्यक्षात त्याने बराचसा वेळ जर्मन वाचलेलं असतं.

यावरचा उपाय व्हीएलसी या मोफत मीडिया प्लेअरमध्ये आहे. विंडोज किंवा लिनक्सवरच्या व्हीएलसीत `H` दाबलं की सबटायटल ५० मिलिसेकंद उशिरा येतं, `G` दाबलं की तेवढंच लवकर. ही सोय आवाज आणि अक्षरं यांचा मेळ चुकलेल्या फायलींसाठी आहे. पण भाषा शिकणाऱ्याने ती उलटी वापरावी: जुळलेलं सबटायटल मुद्दाम दोन सेकंद मागे ढकलावं. त्यासाठी चाळीस वेळा `H` दाबण्याची गरज नाही. Tools मेनूत Track Synchronization उघडून सबटायटलच्या चौकटीत 2 लिहिलं की काम झालं.

‘दास लेबेन डेर आंडेरेन’ हा २००६ सालचा सिनेमा या प्रयोगाला फार सोयीचा आहे. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची, म्हणजे श्टाझीची, ही गोष्ट सुरू होते ती १९८४ मधल्या एका चौकशीपासून. अधिकारी प्रश्न विचारतो, समोरचा माणूस उत्तर देतो. सबटायटल दोन सेकंद मागे असलं की प्रश्न आधी कानावर पडतो, मनात त्याचा काहीतरी अर्थ तयार होतो आणि मग ओळ उमटते. अर्थ जुळला तर पुढे जायचं. नाही जुळला तर `Shift` आणि डावा बाण दाबून तीन सेकंद मागे यायचं आणि तेच वाक्य पुन्हा ऐकायचं. या वेळी काय ऐकायचं आहे ते ठाऊक असतं, त्यामुळे मघाशी निसटलेला शब्द बहुतेकदा सापडतो. दोन माणसं एकमेकांचं बोलणं तोडत भांडत असतील तिथे मात्र दोन सेकंद जास्त होतात, कारण एकाची ओळ दुसऱ्याच्या तोंडी आल्यासारखी दिसते. अशा प्रसंगी एक सेकंद पुरे.

हे सगळं करण्याआधी सबटायटल मुळात जुळलेलं हवं, आणि वेगळी मिळवलेली सबटायटलची फाइल पुष्कळदा जुळत नाही. बिघाड दोन प्रकारचा असतो. तो ओळखण्यासाठी सिनेमाच्या सुरुवातीचा एक संवाद पाहावा आणि तासाभराने येणारा दुसरा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर सोपं आहे. वाक्य ऐकू येताच `Shift+H`, तेच वाक्य पडद्यावर दिसताच `Shift+J` आणि शेवटी `Shift+K` दाबलं की व्हीएलसी मधलं अंतर स्वतः मोजून भरून काढतं.

फरक वाढत जात असेल तर दुखणं वेगळं आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने चित्रित होतो आणि ब्लू-रेच्या फायलीत तो वेग साधारण २३.९७६ असतो. युरोपातल्या डीव्हीडीवर मात्र तोच सिनेमा सेकंदाला २५ चित्रांनी, म्हणजे चार टक्क्यांहून थोडा अधिक जलद धावतो. डीव्हीडीवरून घेतलेली सबटायटल्स ब्लू-रेच्या फायलीला लावली तर ती दर मिनिटाला सुमारे अडीच सेकंद पुढे पळतात. दहा मिनिटांत २५ सेकंद होतात, तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटं. इथे `G` आणि `H` कितीही दाबले तरी जुळलेलं सबटायटल काही क्षणांत पुन्हा सुटतं. एमपीव्ही नावाच्या दुसऱ्या मोफत प्लेअरमध्ये ही चूक एका आज्ञेने सुधारते. ती सबटायटलची सगळी वेळ योग्य प्रमाणात ताणते:

```
mpv --sub-speed=25/23.976 film.mkv
```

आता वेगाकडे वळू. व्हीएलसीत `[` ने वेग दहाव्या हिश्शाने कमी होतो, `]` ने वाढतो आणि `=` ने पूर्ववत होतो. वेग उतरला तरी आवाज घोगरा होत नाही, कारण प्लेअर ध्वनीचे सुमारे ३० मिलिसेकंदांचे तुकडे करून ते एकमेकांवर थोडे चढवत पुन्हा जोडतो. स्वरांना हे मानवतं, कारण स्वर काही काळ सारखाच राहतो. ‘क’, ‘ट’, ‘प’ यांसारख्या व्यंजनांचा स्फोट मात्र क्षणाचा असतो. वेग फार उतरवला तर तो फुटतो किंवा दोनदा वाजतो आणि मूळ उच्चाराबद्दल गैरसमज करून देतो. म्हणून ०.८ हा वेग उत्तम, ०.७ चालेल, त्याच्या खाली जाऊ नये.

वेग कमी करण्याला दुसरीही एक मर्यादा आहे. सबटायटलमध्ये लिहिलेलं असतं ‘हाबेन वीर’, आणि घाईत बोलणारा जर्मन म्हणतो ‘हामवा’. वेग कितीही उतरवला तरी ‘हाबेन’ ऐकू येणार नाही, कारण ते उच्चारलंच गेलेलं नाही. तिथे स्वतःच्या कानांना दोष देऊ नये. हे जोडरूप तसंच ऐकून, पाठ करून टाकावं.

चित्र एकेक करून पुढे सरकवण्याची कळ `E`. या कळीने ऐकण्यासारखं काही हाती लागत नाही, त्यामुळे पुष्कळांना ती निरुपयोगी वाटते. पण मराठी माणसाला जर्मनमधला एक स्वर छळतो आणि तिथे ही कळ मोलाची ठरते. ‘चार’साठीचा ‘फीर’ आणि ‘साठी’ या अर्थाचा ‘फ्यूर’ या दोन शब्दांत जीभ जवळपास एकाच जागी असते, फरक ओठांचा असतो. बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दिसत असेल अशा जागी ‘फ्यूर’वर थांबून `E` दाबत गेलं की ओठांचा चंबू दिसतो. ‘फीर’ला ते पसरलेले राहतात. एक चित्र म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद, तेव्हा असा दीर्घ स्वर जेमतेम तीन-चार चित्रांत संपतो आणि एखादी कळ जास्त दाबली तर निसटतो. व्हीएलसीच्या तिसऱ्या आवृत्तीत या कळीने मागे येता येत नाही. एमपीव्हीत `.` ने पुढचं आणि `,` ने मागचं चित्र मिळतं, म्हणून ओठ पाहायचे असतील तर एमपीव्हीच घ्यावा. या सिनेमातले टंकलिखित अहवाल वाचायलाही त्या दोन कळा कामी येतात.

एमपीव्हीत आणखी एक सोय आहे, आणि शिकणाऱ्यासाठी ती बाकी सगळ्यांहून वरचढ आहे. `Ctrl` आणि डावा बाण दाबला की प्लेअर नेमका आधीच्या सबटायटलच्या सुरुवातीला जातो, उजव्या बाणाने पुढच्या. तीन सेकंद मागे गेल्यावर वाक्याच्या मधेच पडायला होतं, ते इथे होत नाही. या प्लेअरमध्ये सबटायटल मागेपुढे करण्याच्या कळा वेगळ्या आहेत: `z` ने ते १०० मिलिसेकंद लवकर येतं, `Shift+Z` ने तेवढंच उशिरा.

कळा दाबूनही काहीच घडत नसेल तर संगणकावर मराठी कीबोर्ड चालू आहे का ते आधी पाहावं. इनस्क्रिप्टमध्ये `E` च्या जागी काना उमटतो आणि प्लेअरला तो बहुधा ओळखता येत नाही. कीबोर्ड इंग्रजीवर आणला की काम होतं. अक्षरं चित्रातच कायमची छापलेली असतील तर मात्र ती कोणत्याही कळीने हलत नाहीत. अशी फाइल या अभ्यासाला घेऊच नये.

सिनेमा अर्धवट सोडून उठायचं असेल तर एमपीव्ही `q` ऐवजी `Shift+Q` ने बंद करावा. दुसऱ्या दिवशी तीच फाइल उघडली की थांबलेली जागा, ठरवलेला वेग आणि सबटायटलचा उशीर, तिन्ही जसंच्या तसं मिळतं.