मॅरेथॉनची 11 मिनिटं जातात कुठे?

मुंबई मॅरेथॉन संपल्यावर आझाद मैदानाच्या आसपास एक संवाद हमखास कानावर पडतो. गळ्यात पदक, हातात केळं आणि नजर मनगटावर. "माझ्या घड्याळात 4 तास 24 मिनिटं आहेत, मग यांनी 4:31 कसे लावले?" मग चिपवर संशय घेतला जातो, आयोजकांवर घेतला जातो, कधी कधी मार्गाच्या लांबीवरही. चिप मात्र बहुतेक वेळा बरोबर असते. घड्याळही खोटं बोलत नसतं. दोघांना विचारलेले प्रश्नच वेगळे असतात.

बिब नंबरला लावलेली चिप दोन गोष्टी नोंदवते: धावपटूने सुरुवातीची पट्टी ओलांडली तो क्षण आणि शेवटची पट्टी ओलांडली तो क्षण. या दोहोंमधला सगळा वेळ धावपटूच्या नावावर जमा होतो, मग तो धावत असो, चालत असो की फिरत्या शौचालयाच्या रांगेत उभा असो. घड्याळाच्या भाषेत हा 'इलॅप्स्ड टाइम'. 'मूव्हिंग टाइम' म्हणजे यातला फक्त हालचालीचा वेळ. आणि 'ऑटो पॉज' नावाची सोय चालू असेल, तर माणूस थांबला की घड्याळ आपणहून मोजणी थांबवतं आणि तो निघाला की पुन्हा सुरू करतं. रिक्षाचं मीटर सिग्नलला उभं असतानाही वेटिंग मोजत राहतं. ऑटो पॉज नेमकं हे वेटिंगच बिलातून वगळतं.

गंमत अशी की बिल कमी झालं तरी अंतर तेवढंच राहतं. पेस म्हणजे एका किलोमीटरला लागलेला वेळ, आणि सरासरी पेस म्हणजे एकूण वेळ भागिले एकूण अंतर. उभं राहण्यात अंतर कापलं जात नाही, वेळ मात्र जातो. तो वेळ वजा केला की भागाकार आपोआप लहान येतो आणि धावपटू कागदावर वेगवान होतो.

वरच्या 4:24 आणि 4:31चा हिशेब उलगडून बघण्यासारखा आहे. समजा, या धावपटूने पाण्याच्या दहा टेबलांपाशी सरासरी 20 सेकंद थांबून पाणी प्यायलं. झाली 3 मिनिटं 20 सेकंद. एकदा शौचालयात 2 मिनिटं 40 सेकंद गेली. शेवटच्या टप्प्यात पेडर रोडच्या चढाआधी पोटरी आखडली, तेव्हा स्वयंसेवकाकडून स्प्रे मारून घेण्यात एक मिनिट गेलं. एकूण 7 मिनिटं. ही सातही मिनिटं ऑटो पॉजने गाळली. चिपने एकही सोडलं नाही.

पण पेसमधला फरक केवळ या सात मिनिटांचा नसतो. मॅरेथॉनचं अधिकृत अंतर 42.195 किलोमीटर. मार्ग मोजणारे लोक सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं उपकरण लावून, वळणांवर शक्य तितकी जवळची रेषा धरून तो मोजतात. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर हजार मीटरला एक मीटर जादा धरला जातो. प्रत्यक्षात धावपटू ती जवळची रेषा पकडून धावत नाही. तो गर्दीतून वाट काढतो, पाण्यासाठी या कडेवरून त्या कडेला जातो. उंच इमारतींच्या मधून जाताना जीपीएसची रेषाही थोडी नागमोडी होते. त्यामुळे घड्याळात शेवटी 42.8 किलोमीटर दिसणं अगदी नेहमीचं आहे.

आता भागाकार करू. घड्याळाच्या लेखी 264 मिनिटांत 42.8 किलोमीटर, म्हणजे सरासरी पेस 6:10. अधिकृत हिशेबात 271 मिनिटांत 42.195 किलोमीटर, म्हणजे 6:25. दर किलोमीटरला 15 सेकंदांचा फरक. यातले साधारण 10 सेकंद ऑटो पॉजचे आणि 5 सेकंद जादा अंतराचे. धावताना मनगटावर 6:10 बघून या गड्याने मनात गुणाकार केला असेल, तर 4 तास 20 मिनिटांत पोचतो असाच त्याचा अंदाज असणार. हाती आले 4:31. या 11 मिनिटांपैकी सात थांबण्यात गेली आणि चार जादा मोजल्या गेलेल्या अंतरात. कोणी चोरली नाहीत.

ही फसगत शर्यतीच्या दिवशी उघडी पडते, पण तिची पेरणी रविवारच्या लांब पल्ल्याच्या सरावात होते. शिवाजी पार्कहून वरळी, हाजी अली, पेडर रोडमार्गे गिरगाव चौपाटीपर्यंत जाऊन परत यायचं, म्हणजे साधारण 20 किलोमीटर. घड्याळ दाखवतं 2 तास आणि पेस 6:00. पण वाटेतले सिग्नल, पाणी, जेल, बुटाची नाडी आणि समुद्रासमोरचा फोटो धरून घरी परतायला 2 तास 14 मिनिटं लागलेली असतात. इलॅप्स्ड वेळेने हाच पेस 6:42 होतो.

मग खरा कोणता? या ठिकाणी 6:42 हाही आकडा अन्यायाचा आहे, कारण लाल सिग्नलला उभं राहणं हा काही धावण्याच्या क्षमतेचा पुरावा नव्हे. पण 6:00 त्याहून जास्त दिशाभूल करतो. थांबल्यावर पहिल्या मिनिटातच हृदयाचे ठोके 20 किंवा त्याहून जास्त उतरणं सामान्य आहे. स्नायूंमधला झटपट वापराचा ऊर्जासाठाही अर्ध्या-एक मिनिटात बराच भरून निघतो. त्यामुळे सिग्नल सुटल्यावरचा पुढचा किलोमीटर ताज्या पायांनी धावला जातो. 14 मिनिटांच्या विश्रांतीचा हा फायदा पेसमध्ये धरला जातो, विश्रांती मात्र धरली जात नाही. सलग 20 किलोमीटर 6:00ने धावणं आणि तुकड्यातुकड्यांनी 6:00ने धावणं ही दोन वेगळी कामं आहेत. मॅरेथॉनचं लक्ष्य दुसऱ्यावरून ठरवलं, की तिसाव्या किलोमीटरनंतर पाय उत्तर देतात.

घड्याळाला माणूस थांबला हे कळतं कसं, हेही बघायला हवं, कारण तिथेही गोंधळ होतो. घड्याळ उपग्रहांच्या संकेतांवरून वेग काढतं. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की पॉज, वर आला की पुन्हा सुरू. पण हा वेग सेकंदासेकंदाला थोडा उड्या मारतो, म्हणून घड्याळ निर्णय घ्यायला काही सेकंद लावतं. 6:00च्या पेसने धावणारा माणूस सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास जातो. सिग्नल सुटल्यावर मोजणी चार सेकंद उशिरा सुरू झाली, तर 11 मीटर हिशेबाबाहेर राहू शकतात. फ्लायओव्हरखाली किंवा उंच इमारतींच्या गल्लीत संकेत क्षीण झाला की घड्याळ धावणाऱ्यालाही उभा समजू शकतं.

त्याहून मोठा घोळ चालण्यात होतो. गार्मिनच्या घड्याळांत ऑटो पॉजची मर्यादा स्वतः ठरवता येते. समजा एखाद्याने ती 9 मिनिटांच्या पेसवर ठेवली आणि 10 किलोमीटरपैकी 8 किलोमीटर 6:00ने धावला, 2 किलोमीटर 12:00ने चालला. एकूण वेळ 72 मिनिटं, खरा पेस 7:12. घड्याळ मात्र चालणं सुरू होताच पॉज होतं आणि शेवटी दाखवतं 8 किलोमीटर, 48 मिनिटं, पेस 6:00. वेळही गेला आणि चाललेले 2 किलोमीटरही गेले.

स्ट्राव्हाचा हिशेब आणखी निराळा. धावण्याच्या नोंदीत घड्याळाने पॉज केलेलं असेल, तर स्ट्राव्हा ते मानतं. पॉज नसेल, तर जीपीएसवरून स्वतःच ठरवतं की मैलाला 30 मिनिटांहून मंद, म्हणजे किलोमीटरला सुमारे 18:38हून मंद असेल ते विश्रांती. सपाट रस्त्यावर हे ठीक आहे, कारण रमत चालणाराही त्याहून वेगात असतो. पण आतकरवाडीहून सिंहगडाची पायवाट चढणारा माणूस, घामाघूम होऊन तासाला जेमतेम तीन किलोमीटर जाणारा, या नियमात चक्क बसलेला ठरू शकतो! चढ 'रन' म्हणून नोंदवला असेल, तर मूव्हिंग टाइम पाहून हसू येतं.

पण जिथे स्पर्धा येते तिथे स्ट्राव्हाही सवलत देत नाही. सेगमेंटची क्रमवारी इलॅप्स्ड वेळेवरच लागते. मधे सिग्नल लागला तर ते नशीब. आणि धावण्याच्या नोंदीवर 'रेस'ची खूण केली की पेससुद्धा इलॅप्स्ड वेळेने दाखवला जातो. पुण्या-नागपूरचे ब्रेव्हे करणारे सायकलस्वार याला आधीपासून सरावलेले आहेत. 200 किलोमीटरला 13 तास 30 मिनिटं मिळतात आणि त्यात पंक्चर, मिसळ, चेकपॉइंटवरचा शिक्का असं सगळं येतं. तिथे कोणी मूव्हिंग ॲव्हरेजची बढाई मारली, तर इतर जण नम्रपणे विषय बदलतात.

मग ऑटो पॉज वाईट आहे का? नाही. गजबजलेल्या रस्त्यावर निवांत धावताना, विशेषतः ज्याला फक्त धावतानाचा वेग बघायचा आहे त्याला ते सोयीचं आहे. उभं असताना जीपीएसची रेषा भरकटून फुकटचे मीटर जमतात, त्यांनाही ते आळा घालतं. पण एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. गार्मिन कनेक्टमध्ये ऑटो पॉज बंद असलं तरी धावून झाल्यावर मूव्हिंग टाइम आणि मूव्हिंग पेस वेगळे दिसतात. म्हणजे ते बंद ठेवून काहीच गमावत नाही. चालू ठेवलं आणि घड्याळाने चुकीच्या जागी मोजणी थांबवली, तर तिथलं अंतर मात्र परत मिळवणं अवघड.

घड्याळातला पेस कोणत्या वेळेवरून आला हे ओळखायची युक्ती सोपी आहे. पेसला अंतराने गुणायचं. 6:00 गुणिले 20 म्हणजे 2 तास. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत 2 तास 14 मिनिटं लागली असतील, तर उरलेली 14 मिनिटं गाळली गेली आहेत. सराव नोंदवताना दोन्ही आकडे शेजारी लिहावेत, आणि त्यातली दरी महिनाभरात कमी होते का ते पाहावं.

शर्यतीच्या आदल्या रात्री मोजे, बिब आणि जेल काढून ठेवताना घड्याळाच्या रन सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटो पॉज बंद करावं, पडद्यावर सरासरी पेसऐवजी इलॅप्स्ड टाइम ठेवावा आणि दर पाच किलोमीटरच्या फलकापाशी आपली वेळ ताडून पाहावी. 4:20मध्ये पोचायचं असेल, तर 21.1 किलोमीटरच्या खुणेपाशी 2 तास 10 मिनिटं झालेली असायला हवीत.