कांद्याची चाळ, एक स्लाइड आणि तीन मिनिटे

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने 2008 साली ‘थ्री मिनिट थिसिस’ ही स्पर्धा सुरू केली. त्या काळात तिथे दुष्काळ होता आणि पाणी वाचावे म्हणून लोक अंघोळीला तीन मिनिटांचे घड्याळ लावत असत. तिथूनच या वेळमर्यादेची कल्पना आली. आज ही स्पर्धा जगभरातल्या विद्यापीठांत होते आणि नियम जवळपास तेच आहेत. एकच स्थिर स्लाइड, तीन मिनिटे, हातात वस्तू नाही, ध्वनिचित्रफीत नाही. मर्यादा ओलांडली की स्पर्धक बाद. मूळ स्पर्धा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी असली, तरी हल्ली नुसता संशोधन प्रस्ताव मंजूर झालेल्यांनाही विभागात असेच बोलायला सांगतात. गडबड होते ती तिथे.

बोलण्यापुरता एक प्रस्ताव धरू. विषय: ‘साठवणुकीतील रब्बी कांद्याच्या सडीचे वायुसंवेदकांच्या साहाय्याने पूर्वनिदान’. पार्श्वभूमी, पूर्वसंशोधनाचा आढावा, चार उद्दिष्टे, पद्धती, वेळापत्रक, खर्च, असा चाळीस पानांचा ऐवज.

गैरसमज: प्रस्ताव आखडला की भाषण तयार होते

बहुतेक जण प्रत्येक प्रकरणातून दोन-दोन वाक्ये उचलतात. मग पहिले सव्वा मिनिट पार्श्वभूमीत जाते, आढाव्यात चार संशोधकांची नावे येतात आणि पद्धतीपर्यंत पोचेतो घंटा वाजते. प्रस्तावाचा क्रम परीक्षण समितीसाठी असतो. या माणसाने आधीचे वाचले आहे का, पैसे कशाला हवेत, काम वेळेत होईल का, हे तिला पाहायचे असते. सभागृहात बसलेल्या माणसाला यातले काहीच नको असते. त्याला अडचण काय आहे, ती अजून का सुटली नाही आणि तुम्ही नेमके काय करून पाहणार आहात, एवढेच हवे असते.

म्हणून आधी चार उद्दिष्टांतले एक निवडायचे. आपल्या प्रस्तावात संवेदकांची तुलना आहे, बुरशीच्या प्रकारांची नोंद आहे, खर्चाचा हिशेब आहे आणि एक प्रश्न आहे: माणसाच्या नाकाला वास येण्याच्या किती दिवस आधी यंत्राला सड कळते? भाषण या एका प्रश्नाचे. बाकीची तीन उद्दिष्टे प्रस्तावात सुखरूप राहतील, त्यांच्यासाठी हळहळू नये. संहिता तीन मिनिटांची नव्हे, पावणेतीन मिनिटांची लिहावी. सुरुवातीला पंचवीस सेकंद, अडचणीला चाळीस, पद्धतीला सत्तर आणि पुढे काय होईल याला तीस. मराठीत सावकाश बोलले तर हे तीनशे शब्दांच्या आसपास भरते. मात्र प्रत्येकाची गती वेगळी, तेव्हा स्वतः मोठ्याने वाचून घड्याळ लावावे. मनातल्या मनात वाचलेले नेहमी कमी वेळात संपते.

गैरसमज: सुरुवात म्हणजे धक्कादायक आकडा

‘महाराष्ट्र कांदा उत्पादनात आघाडीवर आहे’ हे वाक्य खरे आहे आणि निरुपयोगी आहे. त्याने शंभर प्रबंध सुरू होऊ शकतात. ‘तुम्हाला माहीत आहे का?’ ही सुरुवातही तशीच. डोळ्यांत पाणी आणणारी शेतकऱ्याची कहाणी तर त्याहून धोक्याची, कारण तिच्यानंतर संवेदकाकडे वळताना बोलणारा अडखळतो.

चांगल्या सुरुवातीची माझी कसोटी एकच आहे. पद्धतीचे बीज तिच्यात असले पाहिजे. हे पाहा:

‘उन्हाळी कांदा चाळीत भरून शेतकरी भावाची वाट पाहतो. पावसाळा लागतो. आत ढिगात काय चाललंय हे कळायला त्याच्याकडे एकच यंत्र आहे, त्याचं नाक. पण चाळीबाहेर वास येतो, तोवर एका कांद्याची सड शेजारच्या कांद्यांना लागलेली असते. मला ते नाक ढिगाच्या आत ठेवायचं आहे.’

शेवटच्या वाक्यात अख्खा प्रस्ताव आहे. ‘वायुसंवेदक’ हा शब्द अजून उच्चारलेला नाही आणि पुढे आला तरी ऐकणाऱ्याला तो परका वाटणार नाही.

गैरसमज: निष्कर्ष नाहीत, तर बोलायचे काय?

याच भीतीने लोक शेवटी ‘या संशोधनामुळे शेतकऱ्यांचे नुकसान थांबेल’ असे ठोकून देतात. प्रयोग झालेला नाही, तेव्हा हे वाक्य कोणालाही म्हणायचा अधिकार नाही. परीक्षकांत त्या विषयाचा एक जाणकार असला, तरी तो ते लगेच पकडतो.

प्रस्तावाजवळ निष्कर्ष नसतात, पण डाव असतो. तो सांगावा. काही क्रेटमध्ये निरोगी कांदे आणि काही क्रेटमध्ये निरोगी कांद्यांत मुद्दाम ठेवलेले रोगट कांदे. प्रत्येकात संवेदक, तासातासाला नोंद. ठरावीक दिवसांनी क्रेट उघडून कांदे हाताने तपासायचे आणि रोज बाहेरून वास घेऊन पाहायचे. तिन्हींच्या तारखा शेजारी मांडल्या की उत्तर दिसेल. यातच खरी अडचणही सांगून टाकावी: चाळ मुद्दाम हवेशीर बांधलेली असते, म्हणून वायू टिकत नाही. शिवाय स्वस्त संवेदक पावसाळी दमटपणालाही फसतात. त्यामुळे संवेदक ढिगाच्या पोटात ठेवायचा आणि सोबत आर्द्रतेची नोंद घ्यायची. हे एक वाक्य ऐकले की समोरच्याला कळते, या माणसाने चाळ पाहिली आहे.

आणि शेवट असा: ‘इशारा आठवडाभर आधी मिळाला, तर मजूर लावून चाळ निवडता येईल. जेमतेम एक दिवस आधी मिळाला, तर हे यंत्र शेतकऱ्याच्या कामाचं नाही, आणि तेही आपल्याला कळेल.’ दोन्ही शक्यता उघड ठेवल्या की निष्कर्षाविनाही भाषण पूर्ण होते.

गैरसमज: जे बोलता आले नाही ते स्लाइडवर

प्रवाहतक्ता, तीन आलेख, संस्थेचे बोधचिन्ह, मार्गदर्शकांचे नाव. लोक वाचू लागतात आणि वाचताना ऐकत नाहीत. पण यापेक्षा बारीक चूक वेगळी आहे. स्लाइड पहिल्या क्षणापासून पडद्यावर असते आणि हलत नाही. एकेक भाग उघडत नेता येत नाही. म्हणजे तिच्यावर ‘वायुसंवेदकाद्वारे पूर्वनिदान’ असे छापले असेल, तर नाकाचे वाक्य येण्याआधीच उत्तर फुटलेले असते.

आपल्या प्रस्तावाला चाळीचा आडवा छेद पुरेल. बाहेरच्या बाजूला लालसर, सुके, देखणे कांदे. मधोमध चार-पाच काळे पडलेले. शब्द एकही नाही. सुरुवातीला हे चित्र नुसते चाळ दाखवते. ‘ढिगाच्या आत’ म्हटले की नजर आपोआप काळ्या कांद्यांवर जाते आणि पद्धत सांगताना त्याच जागेकडे हात करता येतो. संवेदक चित्रात काढू नये.

संहिता जमली की नाही?

आरशापुढे सराव करून हे कळत नाही. शेतीशी किंवा इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध नसलेल्या कोणाला तरी ती एकदाच ऐकवा, स्लाइड दाखवून. मग विचारा, मी काय शोधतोय? ‘वास येण्याआधी किती दिवस सड कळते ते’ असे उत्तर आले तर संहितेला हात लावू नका. ‘कांद्यावर काहीतरी’ असे आले तर सुरुवात सजवत बसू नका. प्रश्न स्पष्ट शब्दांत कुठे विचारला आहे ते शोधा, बहुधा तो विचारलेलाच नसतो. आणि स्पर्धेला जात असाल, तर आयोजकांचे नियम आधी वाचा: मूळ नियमाप्रमाणे वेळ तुमच्या पहिल्या शब्दापासून किंवा पहिल्या हालचालीपासून मोजतात.